वहीतले चार तोळे, काट्यावरचे ग्रॅम आणि दोन वेगळी कॅरेट

प्रश्न: आजीच्या लग्नातल्या (१९५४) पाटल्या माझ्याकडे आहेत. जुन्या वहीत ‘पाटल्या जोड १, तोळे ४’ असं लिहिलंय. सांगलीत एका दुकानात वजन केलं तर ४५.९८० ग्रॅम भरलं आणि ते म्हणाले, साडेचार तोळ्यांच्या वर आहेत. वही चूक की काटा? दहा टक्के घट धरून त्या घेतो म्हणाले. त्यातून मुलीला पुष्कराजाची अंगठी करायची आहे, उरलेल्या सोन्याचे तोडे. अंगठीच्या अंदाजपत्रकात लिहिलंय: १८ कॅरेट, ग्रॉस ६.४२०, नेट ६.३६०, हिरे ३० पॉइंट, पुष्कराज सव्वापाच रत्ती. खड्याच्या सर्टिफिकेटवर मात्र ४.८० कॅरेट आहे. तोळा, रत्ती, कॅरेट, पॉइंट, कशाचाच कशाला मेळ लागत नाही. इसारा देऊ का थांबू?

उत्तर:

ताई, वही बरोबर आहे आणि काटाही बरोबर आहे. चूक आहे ती अंदाजपत्रकातल्या ‘नेट ६.३६०’ या आकड्यात. तो दुरुस्त होईपर्यंत इसारा देऊ नका. आमचं घराणं खानापूर तालुक्यातलं, विट्याकडचं, गलाईच्या धंद्यातलं. सोनं आटवणं, टंच काढणं हेच मी आयुष्यभर करत आलोय. म्हणून तुमच्याच आकड्यांवर सगळा हिशोब मांडून दाखवतो.

आधी तोळा. आज सांगली-साताऱ्याच्या सराफ बाजारात ‘तोळ्याचा भाव’ म्हटलं की तो १० ग्रॅमचा भाव असतो. आजीच्या लग्नात तोळा १० ग्रॅमचा नव्हता. इंग्रजांनी १८३३ साली १८० ग्रेनचा तोळा ठरवला, चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला, आणि पुढे सव्वाशे वर्षं तोच तोळा चालला. त्याचं वजन ११.६६४ ग्रॅम. जुन्या वह्यांमध्ये ‘रुपयाभार’ हा शब्द सापडतो तो यामुळेच. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला. त्यानंतर व्यवहार ग्रॅममध्ये आला, पण तोंडातला तोळा काही गेला नाही. तो फक्त १० ग्रॅमचा झाला. म्हणजे वहीतला तोळा आणि दुकानदाराच्या तोंडचा तोळा या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

घरात पंचम जॉर्जच्या छापाचा चांदीचा रुपया असेल, फार झिजलेला नसेल, तर तो दुकानात नेऊन काट्यावर ठेवून बघा. साडेअकरा ग्रॅमच्या पुढे आकडा येईल. जुना तोळा डोळ्यांनी बघायचा याहून सोपा मार्ग नाही.

तोंडी हिशोबाची एक युक्ती सांगतो. जुन्या तोळ्याचे ग्रॅम करायचे तर दहाने गुणायचं आणि त्यात त्याचाच सहावा हिस्सा मिळवायचा. चार तोळ्यांचे चाळीस, त्याचा सहावा हिस्सा ६.६७, बेरीज ४६.६७. कॅल्क्युलेटरवर ४ गुणिले ११.६६४ केलं तर ४६.६५६ येतं, म्हणजे फरक जेमतेम १४ मिलिग्रॅमचा. उलट जायचं असेल तर ग्रॅममधून सातवा हिस्सा काढायचा आणि उरलेल्याला दहाने भागायचं. ४५.९८० चा सातवा हिस्सा ६.५७, उरले ३९.४१, म्हणजे जुने ३.९४ तोळे.

आता बघा, वहीप्रमाणे पाटल्या ४६.६५६ ग्रॅमच्या होत्या आणि आज ४५.९८० भरल्या. घट झाली पाऊण ग्रॅमच्याही आत. सत्तर वर्षं हातात घातलेल्या, भांडी घासताना, जात्यावर आणि पाट्यावर घासलेल्या पाटल्यांची एवढी झीज अगदी स्वाभाविक आहे. वहीतले चार तोळे आजच्या हिशोबाचे असते तर पाटल्या चाळीसच्या वर गेल्याच नसत्या, वापराने सोनं वाढत नाही. दुकानदार ‘साडेचार तोळ्यांच्या वर’ म्हणाला तेही खरं, कारण तो दहाने भागतोय. तुम्ही वही घेऊन भांडायला गेला असतात तर दोघंही बरोबर असून भांडला असतात.

तुमच्या वहीत इतर डागांपुढे मासे आणि गुंजाही लिहिलेल्या असतील. १२ माशांचा तोळा आणि ८ गुंजांचा मासा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. एक गुंज १२१.५ मिलिग्रॅम. ‘२ तोळे ३ मासे ४ गुंजा’ असं लिहिलं असेल तर सगळ्याच्या गुंजा करून घ्यायच्या: १९२ अधिक २४ अधिक ४, एकूण २२०. त्याला ०.१२१५ ने गुणलं की २६.७३ ग्रॅम. तुकड्या-तुकड्याने ग्रॅम करत बसलात की कुठेतरी घोळ होतो, म्हणून आधी गुंजा आणि मग एकदाच ग्रॅम.

वजनाचं झालं. पण पाटल्यांची किंमत वजनावर ठरत नाही, वजन आणि शुद्धता दोन्हींवर ठरते, आणि इथे पहिलं ‘कॅरेट’ येतं. सोन्याचं कॅरेट हे वजन नाही. चोवीस भागांपैकी किती भाग खरं सोनं, एवढंच ते सांगतं. २२ कॅरेट म्हणजे चोविसात बावीस, हजारात ९१६. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५०. आम्ही गलाईवाले शंभराच्या हिशोबाने बोलतो आणि त्याला टंच म्हणतो. टंचाला २४ ने गुणून शंभराने भागलं की कॅरेट. ८८ टंच म्हणजे २१.१ कॅरेट.

जुनं सोनं म्हणजे शुद्धच, असं घरोघरी ऐकायला मिळतं. मी ते मानत नाही. पाटलीला सांधा असतो, सांध्याला डाक असतो, आणि डाक हलक्या सोन्याचा असतो. दुरुस्ती जितक्या वेळा झाली तितका डाक वाढलेला. पूर्वी गावोगावचा सोनार आपल्या अंदाजाने मिसळ करायचा, हॉलमार्क नव्हता. त्यात १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायलाच बंदी आली होती. ती बंदी पुढे काही वर्षांत उठली, पण त्या काळातला एखादा डाग घरात असेल तर तो बघायला पिवळाधमक आणि टंचाला साठाच्या आसपास निघू शकतो. तुमच्या पाटल्या १९५४ च्या, त्यामुळे ती भीती कमी. तरीही टंच काढल्याशिवाय त्यांची किंमत कोणी सांगितली तर तो अंदाजच.

टंच दोन प्रकारे काढतात. दुकानातल्या कॅरेट मशीनमध्ये दागिना ठेवला की अर्ध्या-एका मिनिटात आकडा येतो. हे मशीन क्ष-किरणांनी वरचा अगदी पातळ थर वाचतं, खोलवरचं त्याला दिसत नाही. जुन्या पाटलीवर पुन्हापुन्हा उजळणी झालेली असते, तिचा वरचा थर आतल्या सोन्यापेक्षा चांगला असू शकतो. शिवाय तुम्ही सांध्यावर ठेवलं तर एक आकडा आणि पाठीवर ठेवलं तर दुसरा. म्हणून पाटल्या मोडायच्या नक्की असतील तर तुमच्यासमोर आटवून घ्या आणि मग टंच काढा.

आटवताना काय बघायचं ते सांगतो. मूस रिकामी आहे हे आधी बघायचं. पाटल्यांचं वजन काट्यावर स्वतः वाचायचं आणि कागदावर लिहायचं. सोनं वितळलं की कारागीर त्यात टाकणखार टाकतो. मळ, जुनी लाख, मेण जे काही असेल ते जळतं किंवा वर येऊन कडेला चिकटतं आणि रस आरशासारखा दिसायला लागतो. मग तो ओततात, लगड थंड होते, आणि तिचं वजन पुन्हा तुमच्यासमोर. भरीव पाटलीत दोन-तीनशे मिलिग्रॅम कमी होणं समजू शकतं. पोकळ डागात आत लाख भरलेली असते, तिथे घट बरीच जास्त निघते आणि त्यात कोणाची लबाडी नसते. पण भरीव पाटलीत एक-दीड ग्रॅम गेला तर मूस आणि तिच्या कडेला चिकटलेला मळ फोडून बघायला सांगायचं. सोन्याचे बारीक मणी तिथे अडकतात. लगडीच्या कोपऱ्याचा कपचा काढून टंच काढला की तो आकडा सगळ्या सोन्याचा, नुसत्या वरच्या थराचा नाही.

समजा तुमच्या पाटल्या आटवून ४५.७०० ग्रॅम राहिल्या आणि टंच ८८ आला. शुद्ध सोनं झालं ४५.७०० गुणिले ०.८८, म्हणजे ४०.२१६ ग्रॅम. भाव रोज हलतो, म्हणून समजायला सोपं जावं यासाठी २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला एक लाख धरतो. मग तुमच्या सोन्याची किंमत ४,०२,१६० रुपये.

दुकानदाराचा देकार याच्याशी ताडून बघू. ४५.९८० मधून दहा टक्के घट वजा केली तर उरले ४१.३८२ ग्रॅम. ते २२ कॅरेटच्या भावाने, म्हणजे ग्रॅमला ९,१६० ने धरले तर ३,७९,०५९ रुपये. तेवीस हजारांचा फरक. पण लगेच त्याला लुटारू ठरवू नका. तुमच्या पाटल्यांचा टंच ८३ निघाला असता, म्हणजे २० कॅरेटच्या आसपास, तर त्याच्या देकारात आणि टंचाच्या हिशोबात जवळजवळ फरकच राहिला नसता. त्याहून खाली निघाला असता तर त्याचा देकार तुमच्या फायद्याचा ठरला असता. सरसकट घट ही न तपासता केलेली अटकळ आहे. टंच चांगला असेल तर गिऱ्हाईक बुडतं, वाईट असेल तर दुकानदार. शुद्धीकरणाचा खर्च आणि दुकानदाराचं कमिशन मागायला हरकत नाही, फक्त ते वेगळ्या ओळीत मागावं, घटीत मिसळून नको. आणि ‘दहा टक्के’ ऐकलं की विचारायचं: कशाचे दहा टक्के, वजनाचे की किमतीचे, आणि उरलेलं कुठल्या कॅरेटच्या भावाने धरणार?

आता अंगठी. तिच्यातच दुसरं कॅरेट लपलेलं आहे.

खड्याचं कॅरेट हे निव्वळ वजन आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे १९०७ पासून जगभर ठरलेलं. एका ग्रॅममध्ये पाच कॅरेट. कॅरेटचे शंभर भाग केले की एक पॉइंट, काही जण त्यालाच सेंट म्हणतात. म्हणजे एक पॉइंट २ मिलिग्रॅमचा. एवढं पाठ करा: कॅरेटला पाचाने भागलं की ग्रॅम, पॉइंटला दोनाने गुणलं की मिलिग्रॅम. तुमच्या कागदावर ‘१८ कॅरेट’ आहे ती सोन्याची शुद्धता, आणि ‘४.८० कॅरेट’ आहे ते पुष्कराजाचं वजन. हे दोन आकडे एकमेकांशी कधीच जोडायचे, वजा करायचे किंवा ताडायचे नसतात. कागदावर कॅरेट शब्द दिसला की त्याच्यापुढे कोणाचं नाव आहे ते आधी बघायचं, सोन्याचं की खड्याचं.

रत्तीचं दुखणं याहून मोठं आहे, कारण रत्ती दोन आहेत आणि दोन्ही चालू आहेत. सोनाराची जुनी रत्ती म्हणजेच गुंज, १२१.५ मिलिग्रॅमची. तिला काही जण कच्ची रत्ती म्हणतात. राशीच्या खड्यांच्या बाजारात जी पक्की रत्ती चालते ती साधारण १८२ मिलिग्रॅमची, ०.९१ कॅरेट. काही जण सोईसाठी ०.९ धरतात. तुमचा ४.८० कॅरेटचा पुष्कराज पक्क्या रत्तीने ५.२७ होतो, म्हणजे अंदाजपत्रकातली ‘सव्वापाच रत्ती’ आणि सर्टिफिकेट यांचा मेळ व्यवस्थित बसतो. खडा तोच आहे. पण हाच खडा गुंजेने मोजला तर ७.९ रत्ती भरतो. कोणी ‘रत्तीला दहा हजार’ असा भाव सांगितला तर पक्क्या रत्तीने साडेबावन्न हजार आणि कच्च्या रत्तीने एकोणऐंशी हजार. खडा बदलला नाही, भाव बदलला नाही, नुसतं माप बदललं.

म्हणून खड्याचा भाव नेहमी कॅरेटला किती ते विचारायचं आणि वजन सर्टिफिकेटवरचं धरायचं. ज्योतिषांनी सव्वापाच रत्ती घालायला सांगितलं असेल तर त्यांनाच विचारा की किती कॅरेट. त्यांच्या मनात गुंज असेल तर सव्वापाच रत्ती म्हणजे ३.१९ कॅरेटच होतात, आणि मग ४.८० चा खडा गरजेपेक्षा दीडपट मोठा आणि तेवढाच महागही.

हिऱ्यांचे ३० पॉइंट म्हणजे ०.३० कॅरेट, ६० मिलिग्रॅम. हा एक हिरा आहे की एकूण बेरीज, ते अंदाजपत्रकात लिहिलेलं दिसत नाही. पुष्कराजाच्या भोवती लावायचे म्हणजे बहुतेक पाच-पाच पॉइंटचे सहा असणार. तसं असेल तर प्रत्येक हिरा साधारण अडीच मिलिमीटर व्यासाचा. तीस पॉइंटचा एकच गोल हिरा असता तर तो सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास दिसला असता, आणि त्याचा कॅरेटचा भाव बराच जास्त असता, कारण मोठा हिरा दुर्मीळ. म्हणून ‘३० पॉइंट’ ऐकलं की नग किती ते विचारायचं आणि लहान मोजपट्टी लावून बघायची. दुसऱ्या दुकानात एका तीस पॉइंटच्या हिऱ्याचा भाव विचारून त्याची तुलना सहा बारक्या हिऱ्यांशी केलीत तर काहीच हाती लागणार नाही.

बोलताना अजून एक घोळ होतो. ‘तीन पॉइंट’ म्हणजे ०.०३ कॅरेट आणि ‘पॉइंट तीन’ म्हणजे ०.३० कॅरेट. दहापट फरक. फोनवर चमकीचा किंवा मोरणीचा भाव विचारताना हे हमखास होतं. फोनवर कधीही ‘पॉइंट’वर थांबू नका, ‘शून्य दशांश शून्य तीन कॅरेट का?’ असं पूर्ण वाचून घ्या. काउंटरवर सोन्याचं वजन ‘सहा चारशे वीस’ असं बोलतात, ते ६.४२० ग्रॅम. तिथे पॉइंट शब्द येतच नाही, त्यामुळे सोन्याच्या वजनात हा घोळ सहसा होत नाही.

आता सगळं ग्रॅममध्ये आणू. पुष्कराज ४.८० कॅरेट, भागिले पाच, ०.९६० ग्रॅम. हिरे ०.३० कॅरेट, ०.०६० ग्रॅम. खड्यांचं एकूण वजन १.०२० ग्रॅम. ग्रॉस ६.४२० मधून ते काढलं की नेट सोनं ५.४०० ग्रॅम. तुमच्या अंदाजपत्रकात नेट ६.३६० आहे. म्हणजे हिऱ्यांचे ०.०६० बरोबर वजा झाले आणि पुष्कराज वजा व्हायचा राहिला. मला वाटतं, हिरे बिलाच्या खड्यांच्या रकान्यात कॅरेटमध्ये भरले गेले, ते आपोआप वजा झाले. पुष्कराज रत्तीमध्ये वेगळी वस्तू म्हणून लिहिला गेला आणि सोन्याच्या वजनातच राहून गेला. मुद्दाम केलं असेलच असं मी म्हणणार नाही. पण पैसे तुमचेच जाणार आहेत.

किती जातील बघा. १८ कॅरेटचा भाव आपल्या धरलेल्या भावाने ग्रॅमला ७,५०० रुपये. ०.९६० ग्रॅमचे झाले ७,२००. घडणावळ टक्क्यांत लावतात, बारा टक्के धरली तर ती याही वजनावर लागणार: ८,०६४. त्यावर तीन टक्के जीएसटी: ८,३०६ रुपये. आणि पुष्कराजाचे पैसे वेगळे दिलेतच. म्हणजे तो खडा तुम्ही एकदा खडा म्हणून विकत घेताय आणि दुसऱ्यांदा सोनं म्हणून.

अजून एक खात्री करून घ्या. भाव १८ कॅरेटचाच लावला आहे ना? बोर्डावर मोठ्या अक्षरात २२ कॅरेटचा भाव असतो, आणि घाईत तोच लागतो. ५.४०० ग्रॅमला तो लागला तर जवळपास नऊ हजार जास्त. खडे धरायला १८ कॅरेट चांगलं, ते कडक असतं आणि त्याची पंजाची नखं लवकर वाकत नाहीत. त्यामुळे अंगठी १८ मध्येच करा, तोडे २२ मध्ये, पण दोन्हींचे भाव वेगवेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत.

एकाच सोन्यातून दोन कॅरेटचे डाग करायचे तर मधलं माप शुद्ध सोन्याचं ठेवा, म्हणजे गोंधळ राहत नाही. अंगठीत ५.४०० गुणिले ०.७५०, म्हणजे ४.०५० ग्रॅम शुद्ध सोनं जाईल. तुमच्या ४०.२१६ मधून ते काढलं की उरले ३६.१६६. त्याला ०.९१६ ने भागलं की ३९.४८ ग्रॅम २२ कॅरेट. तेवढ्या वजनाचे तोडे होतील, आजच्या बोलीत चार तोळ्यांना थोडे कमी. एवढ्या वजनापर्यंत सोन्याचे पैसे द्यावे लागू नयेत, फक्त घडणावळ, खडे, कर आणि शुद्धीकरणाचा खर्च. तोडे त्याहून जड झाले तर वरच्या सोन्याचे पैसे वेगळे. टंच वेगळा आला तर आकडे बदलतील, रीत हीच राहील.

काट्याबद्दल थोडं. सराफाचा काटा काचेच्या पेटीत असतो, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही शेवटचे आकडे नाचतात. वजनापूर्वी आकडा ०.०००, दार बंद, आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचायचं. वैधमापनशास्त्र विभागाची पडताळणीची मुद्रा काट्यावर असते, ती बघायला संकोच करू नका. आणि पडद्यावर आकड्याशेजारी कुठलं माप आहे ते बघा: `g` की `ct`. एका बटणाने ते बदलतं. पुष्कराज जडवण्यापूर्वी सुटा असतानाच दोन्ही मापांत तोलून घ्या. `g` वर ०.९६०, `ct` वर ४.८० यायला हवेत. एकदा जडवला की तो काढल्याशिवाय तोलता येत नाही, मग कागदावरच विश्वास ठेवावा लागतो.

तयार अंगठी हातात आली की हॉलमार्क भिंगातून बघा. बीआयएसचं चिन्ह, `18K750`, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. `BIS Care` ॲपमध्ये `Verify HUID` वर तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. तिथे ‘अंगठी’ आणि ७५० दिसलं पाहिजे. हॉलमार्क फक्त सोन्याचा असतो, पुष्कराज किंवा हिऱ्यांबद्दल तो काहीच सांगत नाही, त्यांची सर्टिफिकेटं वेगळी घ्यायची.

तर उद्या दुकानात गेलात की अंदाजपत्रक पुन्हा लिहून मागा. त्यात ग्रॉस ६.४२०, पुष्कराज ४.८० कॅरेट म्हणजे ०.९६० ग्रॅम, हिरे किती नग ते आणि सगळे मिळून ०.३० कॅरेट म्हणजे ०.०६० ग्रॅम, नेट सोनं ५.४०० ग्रॅम १८ कॅरेट, असं यावं. रत्ती हा शब्द त्यात नको. हॉलमार्क दागिन्याच्या बिलात निव्वळ सोन्याचं वजन आणि शुद्धता वेगवेगळी दाखवायलाच लागतात, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. तयार अंगठी पाच-पन्नास मिलिग्रॅम इकडेतिकडे होतेच, अंतिम बिल तयार वजनावर करायचं असंही त्यावर लिहून घ्या. पाटल्या मात्र टंच निघेपर्यंत त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. आटवणी तुमच्यासमोर होणार असेल त्याच दिवशी न्या.